न दिसलेला चेंडू

रविवार, दिनांक १६ फेब्रुवारी २०२५, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. सुकापूरच्या मैदानावर मी मोजलेली माणसे दोनशे अकरा. त्यांपैकी माझ्या ओळखीचा माणूस एक.

तो एक म्हणजे तुळशीरामशेठ. मैदान त्यांचे होते. पूर्वी तिथे भातशेती होती, आता पावसाळा सोडून क्रिकेट असते. आमच्या इमारतीची मागची भिंत या मैदानाला लागून आहे, आणि मैदानाच्या पलीकडे नाला आहे. भिंतीपासून नाल्यापर्यंतचे अंतर सेहेचाळीस मीटर. हे अंतर मी टेपने तीन वेळा मोजले आहे. या सेहेचाळीस मीटरमधून जमिनीखालून एक पाईप गेला, तर पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावर पाणी चढणार नाही. मागच्या जुलैत माझ्या घरात एकोणीस सेंटिमीटर पाणी होते. माझी पत्नी मालू तीन वर्षांपासून अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली आहे. तिचा पलंग मी विटांवर चढवला. विटा पुरेनात तेव्हा चौघा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर नेले. खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली आणि ती दहा मिनिटे तशीच तिरपी बसून राहिली. पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले.

पाईपला परवानगी मिळण्यासाठी एकच अट होती. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची लेखी संमती. नावे सात : तुळशीरामशेठ, त्यांचे दोन भाऊ, तीन बहिणी आणि थोरल्या दिवंगत भावाची पत्नी कमळाबाई. तुळशीरामशेठ ‘हो’ म्हणतील तेव्हा बाकीचे म्हणणार, हे सगळा गाव सांगत होता.

मी त्यांच्याकडे पाच वेळा गेलो होतो. तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका आणि पाणीपुरवठ्याच्या कामांवर चौतीस वर्षे, एवढे झाल्यावर माणसाला नकाशा काढल्याशिवाय बोलता येत नाही. मी दरवेळी नकाशा नेला. उतार, खोली, पाईपचा व्यास, सगळे त्यात होते. दरवेळी चहा मिळाला. दरवेळी शेठ नकाशाकडे पाहून म्हणाले, “बगू ना, सायेब.” हा ‘बगू ना’ पाच वेळा ऐकल्यावर मी घरी येऊन भिंतीवर हात आपटला होता, हे कबूल करतो.

माझा जावई कुमार ठाण्याला असतो आणि त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय ठाऊक असतो. तो फोनवर म्हणाला, “बाबा, तुम्ही चुकीच्या टोकाने सुरुवात करताय. नकाशा नंतर. आधी क्रिकेट. आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलायचं तर दुसरं दार नाही. शेठच्या मुलाची, हरेशची टूर्नामेंट आहे रविवारी. जा, बसा, बोला.”

“मला क्रिकेटमधले काही कळत नाही,” मी म्हणालो.

“मग थोडं वाचून जा ना!”

हा सल्ला मी माझ्या पद्धतीने पाळला, आणि तिथेच घोटाळा झाला. बारा दिवस वर्तमानपत्राचे क्रीडापान कापून वहीत चिकटवले. खेळाच्या नियमांची एक पुस्तिका आणली. वहीत एकतीस संज्ञा लिहिल्या, प्रत्येकीपुढे व्याख्या. षटक, निर्धाव, यष्टिचीत, पायचीत. पायचीतला तर अर्धे पान आकृती काढली. चेंडू कुठे टप्पा खातो, पायाला कुठे लागतो, यष्टींची रेषा कुठून जाते. आकृती चांगली आली होती.

तर त्या रविवारी मी मंडपाखाली तुळशीरामशेठच्या शेजारची प्लास्टिकची खुर्ची धरून बसलो. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी सलग ओरडत होते. ऊन समोरून डोळ्यांत येत होते. खेळ टेनिसच्या चेंडूने चालला होता, सहा-सहा षटकांचे सामने. फलंदाजांच्या पायांना पॅड नव्हते, हे मी पाहिले, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. पाचव्या मिनिटाला चेंडू एका फलंदाजाच्या पायावर आदळला, अगदी यष्टींच्या समोर. माझ्या आकृतीत होता तसाच. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “पायचीत! स्पष्ट पायचीत आहे, शेठ! पंचांनी बोट वर करायला हवे!”

मंडपातल्या किमान वीस माना वळल्या. शेठनी माझ्याकडे शांतपणे पाहिले.

“सायेब,” ते म्हणाले, “टेनिस बॉलला एलबी नसतो.”

“नसतो?”

“नसतो. आमच्याकडं कंदीच नसतो.”

मागून कोणीतरी म्हणाले, “काकांना लॉर्ड्सला पाठवा रे!” आणि हशा पिकला.

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण चौतीस वर्षे ज्याने कनिष्ठ अभियंत्यांच्या चुका काढल्या, त्याला स्वतःची चूक गिळता येत नाही. मी म्हणालो, “आमच्या वेळी महाविद्यालयात लेदरचा चेंडू होता. मी संघात होतो. त्यामुळे सवय.”

हे साफ खोटे होते. तंत्रनिकेतनात क्रिकेटशी माझा संबंध एकदाच आला होता. खेळपट्टी आखायला चुन्याची दोरी धरणारा एक माणूस कमी पडत होता, तो मी झालो. बावीस यार्ड म्हणजे वीस पूर्णांक बारा मीटर. तेवढे मला पाठ आहे.

खोट्याचे फळ पंचवीस मिनिटांत मिळाले. हरेश मंडपात आला. तिशीतला, दणकट, गळ्यात शिट्टी. “बाबा, जासईवरून येनारा अंपायर अडकलाय. सेमीफायनल आमचीच हाय, शिरढोणबरोबर. एक अंपायर कमी हाय.” मग त्याचे लक्ष माझ्याकडे गेले; माझी बढाई त्याच्यापर्यंत पोहोचली होती. “काका, तुमी कॉलेजच्या टीममधले ना? लेग अंपायरला उभे राहा की. दोनच तर नो-बॉल बगायचे.”

“राहतील ना,” शेठ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते, पण मला वाटले, हा माणूस मला तपासतो आहे.

मी उठलो. चार पावले चाललो. पाचव्या पावलाला माझ्या लक्षात आले की लेग अंपायर म्हणजे मैदानात नेमके कुठे उभे राहायचे हेही मला ठाऊक नाही. वहीत ती संज्ञा नव्हती. कुमारचा, वहीचा, पुस्तिकेचा आणि स्वतःचा मला एकदम इतका संताप आला की मी वळलो आणि मंडपासमोर सगळ्यांच्या देखत म्हणालो :

“हरेश, मी कधीच खेळलेलो नाही. कॉलेजच्या संघात नव्हतो. मघाशी खोटे बोललो. बारा दिवस वाचून आलो आणि पहिलेच वाक्य चुकले. मला अंपायर करू नका, सामना बिघडेल.”



“मंग तुमाला येतं काय?” हरेशने विचारले. त्याच्या आवाजात चेष्टा होती, पण राग नव्हता.

“मोजता येते. लिहिता येते.”

“मुश्ताकभाई!” हरेश ओरडला. “तुमाला असिस्टंट आला!”

गुणलेखनाचे टेबल मंडपाच्या टोकाला होते. तिथे मुश्ताकभाई बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, पांढरी दाढी नीट कातरलेली, पनवेलमध्ये त्यांचे हार्डवेअरचे दुकान. वीस वर्षे कुवेतला काढून आलेले. त्यांनी मला बाजूची खुर्ची दिली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बसा, जनाब. तुमचा एलबीडब्ल्यू इथपर्यंत ऐकू आला.”

“कृपा करून तो विषय नको.”

“छे, छे! मजा आली. इथे सगळे जण सगळं जाणतात. तुम्ही पहिले की ज्यांनी कबूल केलं. आता विचारा काय विचारायचं ते.”

मी वही बाजूला ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न असा होता : “षटकात चेंडू सहा. मग मघाच्या षटकात आठ कसे टाकले?”

“दोन वाइड. वाइड पडला की एक रन मिळतो आणि तो बॉल मोजायचा नाही, परत टाकायचा. नो-बॉलचंही तसंच. म्हणून आठ.” त्यांनी तक्ता पुढे सरकवला. “बघा. रन नाही तर टिंब. रन असेल तर आकडा. वाइडला ही अधिकची खूण. विकेटला डब्ल्यू. ओव्हर संपली की मोजायचं : वाइड आणि नो-बॉल सोडून सहा झाले की नाही. मग बेरीज. बॅट्समनची बेरीज आणि बोलरची बेरीज जुळली पाहिजे. एक्स्ट्रा धरून.”

“म्हणजे दोन बाजूंनी तपासणी.”

“बिल्कुल. हिशोबनीस हो तुम्ही.”

“हिशोबनीस नाही. पाईपवाला आहे.”

ते हसले. त्यांना पाईप कळत होता, त्यांच्या दुकानात तो विकला जात होता; पण त्यांनी विषय पुढे नेला नाही आणि मीही नेला नाही. लेग अंपायरला आधीच्या सामन्यातला एकजण उभा करून सामना सुरू झाला होता.

मी सहा षटके टिंबे आणि आकडे लिहीत गेलो. न कळलेली प्रत्येक गोष्ट विचारली. फलंदाजाच्या अंगाला लागून गेलेल्या चेंडूवर धाव काढली तर ती कोणाच्या नावावर? कोणाच्याच नाही, संघाच्या. झेल घेताना क्षेत्ररक्षकाचा पाय चुन्याच्या रेषेवर पडला तर? षटकार. पहिल्या दोन षटकांत वर्तुळाबाहेर फक्त दोनच माणसे का? पॉवरप्ले. आजूबाजूची माणसे आधी हसली, मग हळूहळू उत्तरे द्यायला लागली, आणि शेवटी उत्तरांवरून आपापसांत भांडायला लागली. मी विचारलेल्या एका साध्या प्रश्नावर शिरढोणचा एक गृहस्थ आणि द्रोणागिरीच्या गोदामात काम करणारा एक तरुण पंधरा मिनिटे वाद घालत होते. त्यात एकमेकांची नावे, गावे, नोकऱ्या सगळे बाहेर आले. मी फक्त प्रश्न विचारला होता. कुमार ज्याला दार म्हणाला होता ते हे असावे. पण त्याने मला त्या दारातून एकतीस संज्ञांचे ओझे घेऊन घुसवले होते.

शिरढोणच्या सहा षटकांत सत्तावन्न धावा झाल्या. हरेशच्या संघाला जिंकायला अठ्ठावन्न हव्या होत्या. पाच षटकांनंतर सत्तेचाळीस. शेवटच्या सहा चेंडूंत अकरा.

आणि नेमके तेव्हा मुश्ताकभाईंना आयोजकांनी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बोलावले. बक्षिसांच्या ढाली मांडण्यावरून काहीतरी गोंधळ होता.

“ही ओव्हर तुम्ही लिहा,” ते उठत म्हणाले.

“मी? शेवटची?”

“सहा बॉल तर आहेत.”

“आणि मला काही कळले नाही तर?”

“तर हात वर करा. स्कोररचा हात वर असला की अंपायर थांबतो. तुम्ही मान हलवल्याशिवाय तो पुढचा बॉल टाकू देत नाही. कायदा आहे. घाबरायचं नाही, आणि अंदाजाने लिहायचं नाही.”

ते गेले. आतापर्यंत टेबलासमोरून मैदान दिसत होते. शेवटचे षटक म्हटल्यावर हरेशच्या संघातले बाद झालेले आठ जण टेबलाला रेलून उभे राहिले, त्यांच्या पुढे आणखी तीस. मी दोनदा म्हणालो, “बाजूला व्हा, मला दिसत नाही.” कोणी ऐकले नाही. शेवटी मी खुर्चीवर उभा राहिलो. वय एकाहत्तर, गुडघा उजवा कामचुकार. खुर्ची प्लास्टिकची.

पहिला चेंडू. हरेशचा जोडीदार समोर. चौकार. एक्कावन्न. मी लिहिले.

दुसरा चेंडू. एक धाव, आणि फेक भलतीकडे गेल्याने गोंधळ. पण दुसरी धाव निघाली नाही. बावन्न. हरेशचा जोडीदार हरेशला ओरडून काहीतरी म्हणाला आणि दोघे खेळपट्टीच्या मध्यावर येऊन बोलले. मग पंचांनी त्यांना हुसकावले आणि शिरढोणच्या कर्णधाराने क्षेत्ररक्षण बदलायच्या नादात गोलंदाजाला थांबवले. या गडबडीत त्या धावेनंतर टोके बदलली होती ती विसरून हरेशचा जोडीदार पुन्हा समोरून खेळायला निघाला. लोकांनी बोंब मारली, पंचांनी त्याला परत पाठवले. पण दुसऱ्या चेंडूवर मारले कोणी आणि आता समोर कोण, हे मीच क्षणभर विसरलो. तक्ता पाहिला. तो चेंडू जोडीदाराने खेळला होता. म्हणजे आता हरेश समोर.

तिसरा चेंडू. माझ्यासमोरच्या एका धिप्पाड माणसाने त्याच वेळी दोन्ही हात उंचावले. मला चेंडू दिसला नाही. फक्त आवाज ऐकला : “वाऽऽइड!” चाळीस गळ्यांतून एकदम.

टेबलाजवळचे आठही जण माझ्याकडे वळले. “काका, वाइड लिवा! वाइड!”

“मला दिसला नाही,” मी म्हणालो.

“आमी बगितला ना! लेगला कितीतरी भायेर होता. लिवा!”

धावफलक लावणाऱ्याने त्यांचे ऐकून त्रेपन्नचा आकडा लावूनही टाकला. सोपे होते. एक खूण करायची. तक्ता माझ्या हातात, पेन्सिल माझ्या हातात. समोर ज्यांचा संघ होता त्यांच्याच जमिनीतून मला पाईप न्यायचा होता. आणि तुळशीरामशेठ आपली खुर्ची सोडून टेबलाजवळ येऊन उभे होते. मला फार राग आला. दिवसभरात पहिल्यांदाच मला काहीतरी नीट करता येत होते आणि हे लोक ते बिघडवायला निघाले होते.

मी हात वर केला.

मैदानात पंच गोलंदाजाला चेंडू टाकण्याचा इशारा करणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात पाहिला आणि थांबले. सगळा खेळ थांबला. दोनशे माणसांनी एका म्हाताऱ्याकडे पाहिले.

“अरे काका, काय लावलंय? खाली बसा!”

“हात खाली घ्या!”

मी हात खाली घेतला नाही. जितक्या मोठ्याने ओरडता आले तितक्या मोठ्याने विचारले, “पंचसाहेब, हा चेंडू मला दिसला नाही! तुम्ही काय दिलेत?”

पंच टेबलाकडे चालत आले. घामाने थबथबलेले होते. “काही दिलं नाही. बॉल बॅट्समनच्या मांडीला घासून गेला. अंगाला लागला म्हणजे वाइड नाही. रन काढला नाही. टिंब लिहा.”

“मांडीला कुठं?” एकजण किंचाळला. “डोळं घरी ठेवून आलाय काय?”

“वाइड हाय! काका, तुमी गप्प का बसला नाय?”

मी टिंब लिहिले. धावफलकावरचा त्रेपन्नचा आकडा उतरवून बावन्न लावायला सांगितले. धावफलकवाल्याने मला एक शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही.

चौथा चेंडू, दोन धावा. चोपन्न. पाचवा, एक. पंचावन्न. सहाव्या चेंडूवर हरेशचा जोडीदार समोर. जिंकायला तीन हव्या होत्या. चेंडू दूर गेला, पहिली धाव पूर्ण झाली. दुसरीसाठी हरेश परत वळला आणि यष्टींपाशी पोहोचायच्या आत धावबाद झाला. पहिली धाव धरायची, दुसरी नाही. छप्पन्न.

एका धावेने पराभव.

मी बेरीज दोन्ही बाजूंनी केली. फलंदाजांची आणि गोलंदाजांची जुळली. मुश्ताकभाई परत आले, त्यांनी तक्ता पाहिला, सही केली आणि हलकेच म्हणाले, “तुम्ही आता इथून निघा, साहेब. संध्याकाळपर्यंत थंड होतील.”

मी निघालो. तुळशीरामशेठकडे पाहण्याचे धाडस झाले नाही.

घरी मालू जागी होती. मी पंखा लावला, पाणी प्यालो आणि सगळे सांगितले. पायचीतपासून टिंबापर्यंत. सांगताना माझा आवाज चढत गेला. “काय गरज होती मला? एक खूण केली असती तर पाईप जमिनीत गेला असता. आता तो माणूस मला दारातही उभा करणार नाही!”

मालूने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “मांडीला लागला असेल तर वाइड नसतोच.”

“तुला कसे ठाऊक?”

“अहो, चाळीस वर्षं तुमच्या पाठीमागे टीव्ही चालू आहे. तुम्ही कधी वळून पाहिलंत का?”

“मग बारा दिवस मी वहीत कात्रणे चिकटवत होतो तेव्हा तू काही बोलली नाहीस!”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

मी चिडून स्वयंपाकघरात गेलो आणि चहा उतू घालवला.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला दारावरची घंटा वाजली. तुळशीरामशेठ होते, मागे हरेश. मला वाटले, भांडायला आले. मी सावधपणे बसायला सांगितले. शेठनी आत पलंगाकडे पाहिले, मालूला नमस्कार केला. पलंगाखालच्या, अजून न काढलेल्या विटा पाहिल्या.

“सायेब,” ते खुर्चीत टेकत म्हणाले, “घरात तीन दिवस एकच भांडन चाललंय. अंपायरनी चोरी केली, काकांनी हरवलं. म्हून मी आज याला धरून इचारलं. सांग रे.”

हरेशने जमिनीकडे पाहिले. “लागला होता काका. मांडीला. मला ठाऊक होता.”

“तेव्हाच का नाही सांगितलेस?”

“सेमीफायनल होती ना वो!” तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात अजूनही इतकी हळहळ होती की मालूला हसू आले. ती म्हणाली, “दुसऱ्या धावेला तू उशिरा वळलास. बॅट टेकवून वळायचं असतं.”

हरेशने चमकून तिच्याकडे पाहिले. “तुमी बगितलीत मॅच?”

“यांनी सांगितली तेवढी.”

त्या दोघांचे पुढे जे चालले ते मला फारसे कळले नाही. शेठनी माझ्याकडे खुर्ची वळवली.

“तो नकाशा काढा.”

मी काढला. त्यांनी तो पाहिला नाही, बाजूला ठेवला.

“तुमच्या नकाशात सगळा हाय. खोली, उतार, समदा. हितं जमिनी घ्यायला नकाशे घेऊन लय लोक आले, सायेब. त्यांना पन सगळा ठाऊक होता. मंग पावसात घरं बुडाली तवा कोनालाच काय ठाऊक नव्हतं. मला असं सांगा, तुमाला यातला काय ठाऊक नाय?”

हा प्रश्न मला चौतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. माझा पहिला आवेग असा होता की सांगावे, सगळे ठाऊक आहे. पण रविवारपासून मला त्याची थोडी भीती बसली होती.

“तीन गोष्टी,” मी म्हणालो. “नाल्याकडच्या शेवटच्या दहा मीटरमध्ये खाली खडक आहे की गाळ, ते मला ठाऊक नाही. खणून पाहावे लागेल. मैदानाच्या कडेला बुजवलेल्या तुमच्या जुन्या विहिरीचे बांधकाम जमिनीखाली किती रुंद पसरले आहे, ते ठाऊक नाही. आणि खेळपट्टीखालून पाईप गेला तर वरची माती किती बसेल, ते अंदाजाने सांगता येते, खात्रीने नाही. म्हणून पाईप खेळपट्टीखालून नको. बाजूने वळवून नेऊ. तीन मीटर वाढतील.”

“खड्डे खनून बगायला किती दिस?”

“दोन. तुमचा माणूस उभा राहू द्या. जे निघेल ते त्याच्यासमोर मोजू.”

शेठनी नकाशाची घडी घातली. मग हरेशला म्हणाले, “मोठ्या आईला शनवारी घेऊन ये. नि बाकीच्यांना फोन लाव.” मोठी आई म्हणजे कमळाबाई.

“एवढे सोपे होते तर पाच वेळा ‘बगू ना’ का म्हणालात?” मी विचारले. विचारायला नको होते. पण राहवले नाही.

“तुमी कंदी काय इचारलंच नाय, सायेब. तुमी सांगत होता.”

शनिवारी खड्डे खणले. विहिरीचे बांधकाम नकाशात मी धरले होते त्याहून चाळीस सेंटिमीटर रुंद निघाले, म्हणजे माझा नकाशा चुकीचा होता. मी तो त्यांच्यासमोरच खोडून पुन्हा काढला, आणि हरेशने त्यावर पाणी सांडले म्हणून तिसऱ्यांदा काढला. मुश्ताकभाई साक्षीदार म्हणून आले होते. त्यांनी मला पुढच्या टूर्नामेंटच्या गुणलेखकांच्या यादीत परस्पर घातले होते; मला विचारलेदेखील नाही. मी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. ध्वनिक्षेपक टेबलापासून लांब ठेवावा, एवढी अट मात्र लिहून दिली.

संमतीपत्रावर संध्याकाळी सहाच्या आत सह्या झाल्या. कमळाबाईंना लिहिता येत नाही.

सह्या सहा, अंगठा एक. एकूण सात.